‘थँक यू @brandname’ म्हणजे डिस्क्लोजर नव्हे: सीरमच्या पेड रिव्ह्यूची कॅप्शन कशी असावी?

नाशिकमधली एक क्रिएटर आहे असं समजू. इन्स्टाग्रामवर ३८ हजार फॉलोअर्स, मराठीतून स्किनकेअरबद्दल बोलते. एका ब्रँडकडून तिला मेसेज येतो: एक रील आणि दोन स्टोरी, मोबदला १२ हजार रुपये. सोबत ५९९ रुपये किमतीची सीरमची ३० मिलीची बाटली मोफत. GLOW15 हा डिस्काउंट कोड तिच्या नावाने चालू करणार आणि त्यावर होणाऱ्या प्रत्येक विक्रीमागे तिला थोडं कमिशन.

क्रिएटर आणि ब्रँड दोन्ही काल्पनिक आहेत. पण असा व्यवहार रोज होतो आणि त्यात बेकायदेशीर काहीच नाही. जाहिरात करून पैसे मिळवणं हे काम आहे. प्रश्न एवढाच की रील बघणाऱ्याला हा व्यवहार कधी कळतो, कुठल्या शब्दांत कळतो आणि कळतो तरी का.

आता तिने लिहिलेली पहिली कॅप्शन बघा.

“गेले कित्येक महिने माझ्या स्किनने मला रडवलं होतं 😭 काय काय नाही लावून पाहिलं! पण फायनली मला माझं सीरम सापडलंय ✨ थँक यू @brandname माझ्या स्किनला समजून घेतल्याबद्दल! १० टक्के नायसिनमाइड, एकदम हलकं, आणि ७ दिवसांत डाग गायब! हा माझा प्रामाणिक रिव्ह्यू आहे. GLOW15 वापरा आणि १५ टक्के सूट मिळवा. #glowingskin #marathimulgi #niacinamide #skincaremarathi #collab #selfcare #nashik”

तिला विचारलं तर ती म्हणेल, डिस्क्लोजर दिलंय की! #collab लिहिलंय, ब्रँडला टॅग केलंय, थँक यूसुद्धा म्हटलंय. सराईत इन्स्टाग्राम वापरणाऱ्याला यातून अंदाज येईलही. पण नियम सराईत माणसासाठी केलेले नाहीत, आणि या कॅप्शनमध्ये ते एकाहून जास्त ठिकाणी मोडले आहेत.

‘आणखी वाचा’च्या वर काय दिसतं?

आधी एक साधा प्रयोग करा. कुठलीही पोस्ट उघडा आणि कॅप्शनवर टॅप न करता जेवढं दिसतं तेवढंच वाचा. फीडमध्ये साधारण सव्वाशे अक्षरांनंतर कॅप्शन कापली जाते आणि पुढे ‘more’ येतं. रील्समध्ये तर बहुतेक वेळा एखादीच ओळ दिसते, तीही व्हिडिओच्या तळाशी, बारीक पांढऱ्या अक्षरांत. फोन आणि अ‍ॅपची आवृत्ती बदलली की हे थोडंफार पुढेमागे होतं.

आपल्या क्रिएटरच्या कॅप्शनमध्ये या कापलेल्या भागात काय आलं? महिनोन्‌महिने त्रास झाला आणि शेवटी सीरम सापडलं, एवढंच. पैशांचा एकमेव इशारा म्हणजे #collab, आणि तो सगळ्यात शेवटी, सात हॅशटॅगच्या गर्दीत पाचवा. तिथपर्यंत किती जण पोहोचतात? कोडपर्यंत पोहोचणारेही कोड कॉपी करून निघून जातात.

भारतात या विषयावरचे नियम दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे एएससीआय, अर्थात अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. ही जाहिरात क्षेत्रानेच उभी केलेली स्वनियमन संस्था, सरकारी नाही. तिची इन्फ्लुएन्सर्ससाठीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१पासून लागू झाली. दुसरं ठिकाण सरकार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये ‘एन्डॉर्समेंट नो-हाऊज’ नावाची पुस्तिका काढली. तिच्यामागे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं उभी आहेत.

दोन्हीकडचा मुद्दा एकच आहे. डिस्क्लोजर अशा जागी हवं की ते चुकवणंच कठीण व्हावं. एएससीआयने तर ओळीही मोजून दिल्या आहेत: पहिल्या दोन ओळींत, म्हणजे ‘आणखी वाचा’वर टॅप करायची किंवा खाली स्क्रोल करायची वेळ येता कामा नये. हॅशटॅगच्या किंवा लिंकच्या गर्दीत मिसळलेलं डिस्क्लोजर चालत नाही. प्रोफाइलच्या बायोमध्ये ‘कोलॅबसाठी डीएम करा’ किंवा ‘काही पोस्ट पेड असतात’ असं लिहून ठेवलं तर तेही पुरेसं नाही. ज्या पोस्टसाठी पैसे मिळाले, त्या पोस्टवरच ते सांगावं लागतं.

पहिल्या दोन ओळींचा आग्रह का? कारण ‘हे पैसे घेऊन सांगितलंय’ ही माहिती कौतुक ऐकण्याआधी मिळाली तर आपण ते कौतुक वेगळ्या कानाने ऐकतो. नंतर मिळाली तर मत आधीच तयार झालेलं असतं. लग्नाच्या बैठकीत स्थळाचं भरभरून कौतुक करणारी व्यक्ती मुलाची सख्खी मावशी आहे हे आधी कळणं आणि सुपारी फुटल्यावर कळणं, यात जेवढा फरक आहे तेवढाच.

कुठला शब्द वापरायचा?

सरकारी पुस्तिकेत पैसे घेऊन किंवा वस्तूच्या बदल्यात केलेल्या प्रचारासाठी अ‍ॅडव्हर्टाइझमेंट, अ‍ॅड, स्पॉन्सर्ड, कोलॅबरेशन आणि पार्टनरशिप असे शब्द चालतील असं म्हटलं आहे. हा शब्द हॅशटॅग म्हणून किंवा मथळ्यासारखा वर द्यायचा. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर ‘कोलॅबरेशन’ चालतं.

तरी माझं मत विचाराल तर मराठी प्रेक्षकांसाठी हा शब्द कच्चा आहे. इन्स्टाग्रामवर दोन क्रिएटर मिळून रील करतात तेव्हाही ‘कोलॅब’च म्हणतात, आणि त्यात पैशांचा संबंध असतोच असं नाही. ‘कोलॅब’ हा त्याचा तुकडा तर आणखी धूसर. ‘पार्टनर’ ऐकलं की कुणाला धंद्यातला भागीदार आठवेल, कुणाला आयुष्याचा जोडीदार. ‘ब्रँड फॅमिलीचा भाग झाले’, ‘यांच्यासोबतचा प्रवास सुरू झाला’ असली वाक्यं ऐकायला गोड लागतात, पण ती काहीच उघड करत नाहीत. ‘थँक यू’ तर आपण रिक्षावाल्यालाही म्हणतो.

पुस्तिकेतली दुसरी अट इथे कामाला येते: ज्या भाषेत प्रचार, त्याच भाषेत डिस्क्लोजर. क्रिएटर पूर्ण रील मराठीत बोलत असेल आणि तिच्या फॉलोअर्समध्ये कॉलेजच्या मुलींसोबत त्यांच्या आयाही असतील, तर त्या सगळ्यांना एका नजरेत कळणारा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. तो म्हणजे ‘जाहिरात’. वर्तमानपत्रात बातमीसारखा दिसणारा मजकूर पैसे घेऊन छापला की वर बारीक अक्षरांत हाच शब्द असतो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय.

हा शब्द वापरायला क्रिएटर कचरतात, कारण ‘जाहिरात’ म्हटलं की रीच पडेल, लोक स्क्रोल करून पुढे जातील अशी भीती असते. काही जण जातीलही. पण ‘जाहिरात आहे हे कळलं असतं तर हा माणूस थांबला नसता’ असं असेल, तर न सांगता त्याला थांबवणं म्हणजेच दिशाभूल.

‘पेड पार्टनरशिप’चं बटण दाबलं की झालं का?

इन्स्टाग्रामवर पोस्ट करताना सेटिंगमध्ये पेड पार्टनरशिपचं लेबल लावायची सोय असते. ब्रँड निवडला की नावाखाली ‘Paid partnership’ असं दिसतं. इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या धोरणानुसार मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर हे लेबल लावणं बंधनकारक आहे. यूट्यूबवर व्हिडिओत पेड प्रमोशन असल्याचा चौकोन टिक करावा लागतो, मग व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद तशी सूचना दिसते.

हे लेबल जरूर लावा. पण ते तुमच्या स्वतःच्या डिस्क्लोजरच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. पुस्तिकेत प्लॅटफॉर्मची सोय आणि एन्डॉर्सरचं डिस्क्लोजर या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. यामागचं कारण व्यवहारातलं आहे. लेबल इंग्रजीत, छोट्या अक्षरांत आणि अ‍ॅपच्या मर्जीवर असतं. ते कुठे दिसेल, किती वेळ दिसेल, हे तुमच्या हातात नाही.

कॅप्शनलाही मर्यादा आहे, आणि ती फारशी कुणी लक्षात घेत नाही. रील डाउनलोड होते. मावशी ती फॅमिली ग्रुपवर टाकते. ब्रँड तीच रील आपल्या वेबसाइटवर सीरमच्या पानावर लावतो. या दोन्ही प्रवासांत कॅप्शन मागेच राहते. उरतो फक्त व्हिडिओ, आणि त्यात ‘फायनली मला माझं सीरम सापडलंय’ म्हणणारी एक मुलगी.

म्हणून व्हिडिओसाठी पुस्तिका सांगते की डिस्क्लोजर फक्त वर्णनात नको, व्हिडिओतच हवं आणि तेही दिसेल आणि ऐकू येईल अशा दोन्ही प्रकारे. एएससीआयने लेबल किती वेळ दिसायला हवं याचं गणितही दिलं आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद. त्याहून मोठ्या पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. २ मिनिटं किंवा जास्त असेल तर ब्रँडबद्दलचं बोलणं चालू असेल तो संपूर्ण भाग. आपल्या क्रिएटरची रील ४५ सेकंदांची आहे, म्हणजे ‘जाहिरात’ हा शब्द स्क्रीनवर १५ सेकंद राहायला हवा. शिवाय सुरुवातीलाच एक वाक्य: “ही पेड रील आहे, या ब्रँडने मला पैसे दिलेत.” बोलायला दोन-तीन सेकंद लागतात.

पैसे नाहीत, फक्त बाटली मिळाली, मग?

छोट्या क्रिएटर्सचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे असतो. दोन-तीन हजार फॉलोअर्स असलेल्या मुलीला कुणी रोख पैसे देत नाही. सीरमचा बॉक्स येतो, सोबत हाताने लिहिल्यासारखं छापलेलं कार्ड. तिला वाटतं, मी कुठे पैसे घेतले? मग ही जाहिरात कशी?

नियमांच्या भाषेत मुद्दा पैशांचा नाही, ब्रँडशी असलेल्या हितसंबंधांचा आहे. त्यात रोख रक्कम येते तशाच मोफत वस्तू, सवलत, भेटी, सहली, हॉटेलचा मुक्काम, वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी हेही येतं. नोकरी आणि नातंही येतं. सीरम कंपनी तुमच्या सख्ख्या भावाची असेल तर त्याने एक रुपयाही न देता हितसंबंध आहेच. कसोटी सोपी आहे: ही गोष्ट कळल्यावर बघणारा तुमच्या बोलण्याला कमी-जास्त वजन देईल का? देणार असेल तर सांगायची.

त्यामुळे फक्त बाटली मिळाली असेल तर “हे सीरम मला ब्रँडने मोफत पाठवलंय, पोस्टचे पैसे दिलेले नाहीत” असं वरच्या ओळीत लिहावं. हे ‘पेड’पेक्षा वेगळं आहे आणि ते वेगळं दिसू द्यायला हरकत नाही. उलट १२ हजार रुपये घेतलेल्या पोस्टवर फक्त ‘गिफ्टेड’ लिहिणं ही मात्र लबाडी. छोटी गोष्ट सांगून मोठी झाकायची.

कोडचंही तसंच. GLOW15 बघितलं की वाचणाऱ्याला वाटतं, ताईंनी आपल्यासाठी सूट मिळवली. सूट खरी असते, पण प्रत्येक विक्रीमागे ताईंनाही काही मिळतं, हे त्या कोडमधून दिसत नाही. ‘मला कमिशन मिळतं’ हे तीन शब्द कोडच्या शेजारीच हवेत. सीरम स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेलं असलं तरी कमिशनची लिंक दिली की हितसंबंध तयार होतो.

स्वतःच विकत घेतलं, लिंक नाही, कोड नाही, ब्रँडशी काही बोलणं नाही, असं असेल तर काही लिहायची गरज नाही. ती जाहिरातच नाही.

डिस्क्लोजर दिलं म्हणून दावा खरा ठरत नाही

समजा आपल्या क्रिएटरने पहिला शब्द ‘जाहिरात’ लिहिला, पैशांबद्दल सांगितलं, कमिशनबद्दल सांगितलं. कॅप्शनमधलं ‘७ दिवसांत डाग गायब’ हे वाक्य तरीही राहिलं. मग?

मग ती उघडपणे केलेली दिशाभूल करणारी जाहिरात झाली. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एन्डॉर्समेंट हे त्या व्यक्तीचं खरं आणि सध्याचं मत असायला हवं, आणि ते पुरेशा माहितीवर किंवा वस्तूच्या पुरेशा अनुभवावर आधारलेलं हवं. म्हणजे निव्वळ ‘ब्रँडने स्क्रिप्ट दिली, मी वाचली’ असं म्हणून सुटका होत नाही.

सीरमच्या बाबतीत ‘पुरेसा अनुभव’ म्हणजे किती, याचा विचार क्रिएटरने स्वतः करायला हवा. कोरियर मंगळवारी आलं आणि रील शनिवारी द्यायची आहे, तर बोलण्यासारखं खूप काही नसतं, पण काहीतरी असतं: पोत कसा आहे, वास येतो का, लावल्यावर चुरचुरतं का, सनस्क्रीनखाली नीट बसतं का, ड्रॉपर धड चालतो का. डागांबद्दल चार दिवसांत काहीच बोलता येत नाही. नायसिनमाइडवरच्या अभ्यासांतही डागांवरचा परिणाम आठवड्यांच्या हिशेबात मोजला जातो, दिवसांच्या नाही.

दुसरी अडचण म्हणजे त्याच काळात चालू असलेल्या बाकीच्या गोष्टी. क्रिएटरने सीरमसोबतच रोज सनस्क्रीन लावायला सुरुवात केली असेल, तर डाग फिके होण्यात सनस्क्रीनचा वाटा किती हे तिलाही सांगता येणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून पिंपल्ससाठी क्रीम चालू असेल आणि कॅप्शनमध्ये फक्त सीरमचं नाव असेल, तर बघणाऱ्याने ५९९ रुपये चुकीच्या कारणासाठी घालवले असंच म्हणावं लागेल. पैसे उघड करण्याइतकंच हेही उघड करणं महत्त्वाचं आहे, आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही.

फिल्टरचंही तेच. ब्रँड ज्या परिणामाचा दावा करतोय तोच परिणाम वाढवून दाखवणारा फिल्टर वापरू नये, असं एएससीआयची तत्त्वं सांगतात. कानातल्यांच्या जाहिरातीत त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर एक वेळ समजू शकतो. ‘त्वचा गुळगुळीत होते’ म्हणणाऱ्या सीरमच्या रीलमध्ये तो म्हणजे खोटा पुरावा. ‘आधी’चा फोटो बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली आणि ‘नंतर’चा खिडकीजवळच्या उजेडात, हे त्याचंच बिनफिल्टरचं भावंड.

ब्रँडने ‘क्लिनिकली प्रूव्हन’ म्हणायला सांगितलं तर तीन प्रश्न विचारावेत. अभ्यास याच सीरमवर झाला की त्यातल्या एका घटकावर? किती जणांवर आणि किती आठवडे? ‘९० टक्के लोकांना फरक जाणवला’ यात फरक यंत्राने मोजला की लोकांनी फॉर्मवर टिक केली? उत्तर ईमेलवर मागावं. फोनवर मिळालेलं आश्वासन नंतर दाखवता येत नाही. उत्तर आलं नाही तर ते वाक्य कॅप्शनमधून काढायचं.

‘प्रामाणिक रिव्ह्यू’ या शब्दांचं काय करायचं?

पेड पोस्टच्या कराराची एक ठरलेली पद्धत असते. क्रिएटर आधी स्क्रिप्ट पाठवते, ब्रँड बदल सुचवतो. मग व्हिडिओचा मसुदा, त्यावर पुन्हा बदल. मंजुरी आल्यावरच पोस्ट. आपल्या क्रिएटरने स्क्रिप्टमध्ये ‘थोडं चिकट वाटतं’ असं लिहिलं होतं असं समजा, आणि ब्रँडकडून उत्तर आलं: “ही लाइन काढू या का? बाकी मस्त!”

तिने ती काढली तर तिथून पुढे ‘प्रामाणिक रिव्ह्यू’ म्हणायचा हक्क गेला, असं मला वाटतं. ‘ब्रँडने मजकूर मंजूर केला आहे’ असं या शब्दांत लिहाच, असं कुठल्या नियमात नाही. पण ‘हे माझं स्वतःचं मत आहे’ असं म्हणणं हा एक दावा आहे, आणि त्या मताला कुणी कात्री लावली असेल तर तो दावा खोटा ठरतो. रिव्ह्यू हा शब्द गाळून ‘या ब्रँडसाठी केलेली रील’ म्हणा. किंवा चिकटपणाची ओळ ठेवण्यावर अडून बसा. अनेकदा ब्रँड ऐकतातही, कारण सगळंच गोड असलेल्या रीलवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

काही वेळा मागणी याहून पुढची असते: “#ad नको, ऑर्गॅनिक वाटू दे.” अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा एक ओळ लिहून पाठवणं सोपं. “नियमांनुसार पेड पोस्टवर पहिल्याच ओळीत डिस्क्लोजर द्यावं लागतं, त्यामुळे ते राहील. बाकी मांडणीबद्दल बोलू.” हा मेसेज जपून ठेवा. कारण नियम मोडला तर प्रश्न ब्रँडलाही विचारला जातो आणि तुम्हालाही.

कायद्यातली रक्कम छोटी नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१नुसार, खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला किंवा एन्डॉर्सरला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत. एन्डॉर्सरवर एक वर्षापर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास तीन वर्षांपर्यंत कुठलाही प्रचार करण्याची बंदी येऊ शकते. दावा खरा आहे ना हे तपासण्याची पुरेशी काळजी एन्डॉर्सरने घेतली असेल तर तिला दंड होत नाही, असंही याच कलमात आहे. मघाशी ईमेलवर उत्तर मागायला सांगितलं ते याचसाठी. एएससीआय स्वतः दंड करू शकत नाही. ती पोस्ट बदलायला किंवा काढायला सांगते.

मग कॅप्शन कशी होईल?

आता तीच कॅप्शन पुन्हा लिहू. रक्कम तीच, बाटली तीच, कोड तोच. फरक एवढाच की क्रिएटरने ब्रँडकडून तीन आठवडे मागून घेतले आणि चिकटपणाची ओळ ठेवायला लावली.

“जाहिरात | @brandname कडून मला या रीलचे पैसे मिळाले आहेत. सीरमही मोफत मिळालं.

१० टक्के नायसिनमाइडचं हे सीरम मी १९ दिवस, रोज रात्री वापरलं. माझी त्वचा तेलकट आहे. दुपारपर्यंत नाकावर येणारं तेल मला कमी वाटलं. गालावरचे जुने डाग आहेत तसेच आहेत. याच काळात मी रोज सनस्क्रीन लावायला लागले, त्यामुळे सगळं श्रेय सीरमला देता येणार नाही. पोत थोडा चिकट आहे, आणि वरून लगेच मॉइश्चरायझर चोळलं तर बारीक गोळ्या निघतात. थोडं थांबून लावा.

GLOW15 वापरलात तर तुम्हाला १५ टक्के सूट मिळेल आणि मला कमिशन.”

पहिली ओळ काना-मात्रा आणि मोकळ्या जागा धरून ७६ अक्षरांची आहे, म्हणजे फीडमध्ये ती पूर्ण दिसायला अडचण नाही. रील्समध्ये कॅप्शन आणखी आधी कापली गेली तरी ‘जाहिरात’ हा पहिलाच शब्द असल्याने तो वाचतो. म्हणूनच वाक्याची सुरुवात ‘मला सांगायला आनंद होतोय की’ अशी करायची नाही. ब्रँडचं नाव लांबलचक असेल तर ते मागे ढकला, ‘जाहिरात’ मागे ढकलू नका. एवढं लिहून झालं की दुसऱ्या फोनवरून पोस्ट उघडायची आणि कशालाही हात न लावता काय दिसतं ते बघायचं.

रक्कम लिहायची गरज नाही. १२ हजार की १२ लाख हे नियम विचारत नाहीत. व्यवहार आहे हे कळणं पुरेसं आहे.

स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून तिथे चालून जाईल असं नाही. स्टोरीला कॅप्शनच नसते, त्यामुळे शब्द चित्रावरच लिहावा लागतो, आणि प्रत्येक स्टोरीवर, कारण दुसरी स्टोरी बघणाऱ्याने पहिली बघितलेली असेलच असं नाही. पांढऱ्या बाटलीवर पांढऱ्या अक्षरांत किंवा कोपऱ्यात प्रोफाइलच्या नावाखाली लपेल असा लिहिलेला शब्द कुणालाच दिसत नाही. लाइव्ह करत असाल तर लेबल पूर्ण वेळ स्क्रीनवर हवं.

आधीच टाकलेल्या पोस्टचं काय?

कॅप्शन नंतरही एडिट करता येते, त्यामुळे जुन्या पेड पोस्टच्या सुरुवातीला ‘जाहिरात’ घालणं हे दोन मिनिटांचं काम आहे. व्हिडिओवरचा मजकूर मात्र प्रकाशित झाल्यावर बदलता येत नाही. रीलमध्ये डागांबद्दल किंवा सात दिवसांबद्दल ठोस दावा असेल तर ती काढून नव्याने टाकणंच योग्य. पहिल्या कमेंटमध्ये डिस्क्लोजर लिहून ती पिन करण्याची पद्धत दिसते. कमेंट्स न उघडणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून तिचा उपयोग नाही.

आणि तुम्ही बघणारे असाल तर? कोड आहे, पहिल्याच दिवशी आलेलं भरभरून कौतुक आहे, त्याच आठवड्यात आणखी चार क्रिएटर्सच्या रीलमध्ये तीच बाटली आणि जवळजवळ तेच शब्द आहेत, पण ‘जाहिरात’ कुठेच नाही, असं दिसलं तर आधी क्रिएटरला सरळ विचारा: “हे पेड आहे का?” अनेक जण विचारल्यावर कॅप्शन सुधारतात. उत्तर मिळालं नाही किंवा कमेंटच उडवली गेली, तर एएससीआयच्या वेबसाइटवर तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीआधी पोस्टची लिंक, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि शक्य असल्यास स्क्रीन रेकॉर्डिंग घेऊन ठेवा. स्टोरी असेल तर लगेच, कारण दुसऱ्या दिवशी दाखवायला काहीच उरलेलं नसतं.